गॉडझिला कुठून आला?

रात्रीची वेळ, समुद्र शांत. जहाजाच्या डेकवर खलाशी वाद्यं वाजवत बसलेत. एकदम पाण्यातून डोळे दिपवणारा प्रकाश उसळतो आणि जहाज पेट घेतं. इशिरो होंडा यांचा ‘गोजिरा’, म्हणजे आपला गॉडझिला, असा सुरू होतो. राक्षस अजून दिसलेलाही नसतो, पण ३ नोव्हेंबर १९५४ला चित्रपटगृहात बसलेल्या जपानी प्रेक्षकाला हा प्रकाश ओळखीचा होता.

त्याच वर्षी १ मार्चला अमेरिकेने बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. ‘दाइगो फुकुर्यू मारू’ या मासेमारी बोटीवर पांढरी राख पडली आणि बोटीवरचे २३ही जण किरणोत्साराने आजारी पडले. सप्टेंबरमध्ये त्यांच्यातला रेडिओ ऑपरेटर दगावला. बाजारातले ट्यूना मासे फेकून द्यावे लागले.

म्हणून राक्षसपट पाहताना मी आधी विचारतो, याला जागं कोणी केलं? गॉडझिलाला जागं केलं बॉम्बच्या चाचण्यांनी. मग तो मागे काय सोडून जातो, ते पाहावं. तो गेल्यावर कॅमेरा इस्पितळात शिरतो. एका लहान मुलीजवळ किरणोत्सार मोजणारं यंत्र धरतात, ते कडकडतं आणि डॉक्टर नुसती मान हलवतात. माझ्या मते सगळा सिनेमा या एका दृश्यात आहे.

‘गॉडझिला म्हणजे अमेरिका’ असं म्हणून मोकळं होणं मात्र चुकीचं. त्याची खरबरीत कातडी भाजल्याच्या व्रणांसारखी घडवली होती. तो बॉम्ब आहे, तसा बॉम्बने होरपळलेला जीवही आहे. त्याला मारणारं अस्त्रही तितकंच भयंकर. ते पुन्हा कोणाच्या हाती पडू नये म्हणून शास्त्रज्ञ सेरिझावा आपली टिपणं जाळतो आणि गॉडझिलाबरोबर स्वतःही समुद्रतळाशी मरण पत्करतो. प्रतीकाचा अर्थ लावायचा तर पडद्यावरच्या अशा अडचणीच्या गोष्टीही त्यात बसायला हव्यात.

झोंबीलाही हेच प्रश्न लागू पडतात. ही कल्पना हैतीची, उसाच्या मळ्यांत गुलामांना राबवणाऱ्या बेटाची. १९३२च्या ‘व्हाइट झोंबी’मध्ये साखरेच्या कारखान्यात मेलेली माणसं घाणा ओढताना दिसतात. त्यांतला एक यंत्रात पडतो, तरी बाकीचे थांबत नाहीत. इथला झोंबी कोणाला चावत नाही. मेल्यावरही राबणं सुटणार नाही, ही इथली भीती.

१९५६ला अमेरिकेत गॉडझिला लागला तो काटछाट होऊन. आगगाडीतली एक बाई आपण नागासाकीतून कशाबशा वाचलो असं म्हणते, तो प्रसंगही त्यात गेला. शक्य असेल तर मूळ जपानी चित्रपटच पाहा. ती बोट आजही टोकियोच्या एका संग्रहालयात जपून ठेवलेली आहे.