दोन नळ, दोन दिशा

डिस्टिलेशन कॉलममध्ये हाताशी दोन नियंत्रणं असतात: वरून परत सोडलेला द्रव, म्हणजे रिफ्लक्स, आणि तळातून उठणारी वाफ. लक्ष ठेवायचं दोन्ही टोकांच्या मालाच्या शुद्धतेवर. १९८८ साली स्कोगेस्टाड, मोरारी आणि डॉइल यांनी अशाच एका कॉलमचं गणित मांडलं.

रिफ्लक्स एका एककाने वाढवून वाफ एकाने कमी केली, तर वरचं मोजमाप १७४ आणि तळाचं २१८ एककांनी हलतं. दोन्ही एकदमच वाढवली, तर वर जेमतेम १.४ ची वाढ आणि तळाशी तितकीच घट. दोन्ही टोकांचा माल शुद्ध करणारी दिशा नेमकी हीच, दुबळी.

सिंग्युलर व्हॅल्यूच्या आलेखात प्रत्येक वारंवारतेला सर्वांत मोठी आणि सर्वांत लहान वर्धनक्षमता दिसते. इथे संथ बदलांना ती १९७ आणि १.३९. बदल वेगवान होतील तशा दोन्ही रेषा समांतर खाली येतात; सुमारे १४२ पटींचं अंतर कायम राहतं. दिशा मात्र आलेखात दिसत नाहीत, त्या वेगळ्या काढाव्या लागतात.

धोका त्या अंतरात आहे. दोन्ही एकेकाने वाढवायला सांगितलं, पण व्हॉल्व्हच्या चुकीमुळे रिफ्लक्स १.२ आणि वाफ ०.८ नेच वाढली, तर तळाचं मोजमाप १.४ ने घटण्याऐवजी ४२ ने वाढतं. म्हणून मॉडेल उलटं करून बनवलेला नियंत्रक कागदावर अचूक ठरतो आणि प्रत्यक्ष कॉलमवर फसतो.