पंप बंद, तरी ‘बेअरिंग खराब’

आमच्या सोसायटीच्या पंपघरात फिटर आले की आधी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटरच्या बेअरिंगपाशी टेकवतात आणि मूठ कानामागच्या हाडाला लावतात. दहा सेकंदांत निकाल लागतो. गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर ते एवढंच म्हणाले, “साहेब, बेअरिंग गेलंय.” बेअरिंग कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत होतं, पाणी बंद ठेवायला समितीची तारीख मिळत नव्हती. त्यात पाच दिवस गेले. त्या पाच दिवसांत मी खराब बेअरिंगचा आवाज टिपला, बदलल्यावर पाच दिवस चांगल्याचा, आणि दोन्हींतला फरक एका छोट्या न्यूरल नेटवर्कला शिकवायचं ठरवलं.

सुरुवात मोबाइलने केली आणि तिथेच फसलो. मोबाइलचं रेकॉर्डिंग माणसाच्या बोलण्यासाठी बेतलेलं असतं. सतत एकसारखा येणारा आवाज म्हणजे गोंगाट, असं धरून ते तो दाबून टाकतं. मोटरचा आवाज तर नेमका तसाच असतो. माझ्या क्लिपमध्ये पहिल्या दोन सेकंदांनंतर मोटर विरत गेली आणि बाहेरचा कावळा तेवढा खणखणीत राहिला. मग आयएनएमपी४४१ हा नखाएवढा मायक्रोफोन आणि ईएसपी३२ चा बोर्ड आणला, सगळं मिळून काही शे रुपयांत. मायक्रोफोन पंपाच्या बाजूच्या बेअरिंगपासून वीतभर अंतरावर बसवला. मागच्या बाजूला मोटरचा स्वतःचा पंखा असतो. तिथे ठेवला तर नुसता वारा ऐकू येतो. सेकंदाला 16,000 नमुने घ्यायचे ठरवले.

आता त्या आवाजात शोधायचं काय? बेअरिंगवर 6205 हा आकडा कोरलेला होता, म्हणजे आत नऊ गोळ्या. मोटर मिनिटाला 1440 फेरे घेते, म्हणजे सेकंदाला 24. बाहेरच्या कड्याला खड्डा पडला, तर त्यावरून जाणारी प्रत्येक गोळी एक ठोका देते. पण गोळ्या शाफ्टच्या वेगाने फिरत नाहीत. त्या दोन कड्यांमध्ये लोळत जातात, त्यामुळे शाफ्टच्या एका फेरीत गोळ्यांचा पिंजरा जेमतेम 0.4 फेरी पुरी करतो. नऊ गोळ्या धरल्या तर एका फेरीत साधारण 3.6 ठोके, आणि सेकंदाला सुमारे 86. दोन ठोक्यांमध्ये अंतर साधारण 11.6 मिलिसेकंदांचं. प्रत्येक ठोक्याने धातू क्षणभर काही हजार हर्ट्‌झवर झणकतो आणि लगेच शांत होतो. फिटरच्या कानाला जी ‘घरघर’ लागते, ती या झणकारांची माळ असते.

नेटवर्कला आवाज दाखवायचा तो चित्र करून. त्या चित्राला स्पेक्ट्रोग्राम म्हणतात: आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर वारंवारता, आणि जिथे जोर जास्त तिथे ठिपका उजळ. त्यासाठी आवाजाचे बारीक तुकडे करून प्रत्येकात कोणती वारंवारता किती आहे, ते मोजतात. तुकडा केवढा घ्यायचा, हा प्रश्न इथे फार महत्त्वाचा ठरतो. बहुतेक तयार प्रोग्रॅममध्ये 1024 नमुन्यांचा तुकडा असतो. मीही तोच ठेवला होता. आमच्या वेगाला तो 64 मिलिसेकंदांचा होतो. म्हणजे एकाच तुकड्यात पाच-सहा ठोके येतात आणि एकमेकांत मिसळून जातात. त्यावर उभ्या अक्षाचे पट्टे माणसाच्या कानाच्या धर्तीवर आखले, तर वरच्या भागात एकेक पट्टा शेकडो हर्ट्‌झ रुंद होतो, आणि 86 हर्ट्‌झच्या अंतराने उमटणाऱ्या रेघाही त्यात बुडतात. चित्र दिसायला देखणं, पण ज्यासाठी खटाटोप केला ते त्यात नाही.

मी तुकडा 64 नमुन्यांचा, म्हणजे 4 मिलिसेकंदांचा केला आणि दर 2 मिलिसेकंदांनी पुढे सरकवला. वारंवारतेचा बारकावा गेला. 250 हर्ट्‌झच्या आतलं काही वेगळं दिसेना. पण खराब बेअरिंगच्या चित्रात दर सहाव्या रकान्याच्या आसपास उभी पांढरी रेघ आली, फणीच्या दात्यांसारखी. चांगल्यात ती नव्हती. एवढं दिसल्यावर नेटवर्क कशाला, असं कोणी म्हणालं तर मी वाद घालणार नाही.

नेटवर्क अगदी लहान होतं. नऊ आकड्यांची तीन बाय तीनची जाळी चित्रभर सरकवत न्यायची. खालचा भाग जाळीशी जुळला की उत्तर मोठं येतं. अशा 8, मग 16, मग 32 जाळ्यांचे तीन थर, शेवटी सरासरी आणि दोन उत्तरं. शिकायचे आकडे एकूण 5,954. ‘उभी रेघ’ ओळखणारी जाळी ते आपोआप घडवतं. शिकवणी साध्या लॅपटॉपवर चहा होईपर्यंत संपली आणि बाजूला ठेवलेल्या क्लिपांवर एकही चूक नाही.

एकही चूक नाही, हेच खटकलं. म्हणून रात्री पंप बंद असताना चाललेलं रेकॉर्डिंग नेटवर्कला दिलं. पहिल्या आठवड्यातल्या शांततेला ते म्हणालं ‘खराब’, दुसऱ्यातल्या शांततेला ‘चांगलं’. बेअरिंग फिरतच नव्हतं! कारण उघड होतं. खराब आवाज सगळे कोरड्या दिवसांतले, चांगले सगळे पाऊस लागल्यावरचे. पत्र्यावरची सर ओळखणं फणीचे दाते ओळखण्यापेक्षा सोपं, आणि नेटवर्क सोपी वाट धरतं. क्लिपा गंजिफ्यासारख्या पिसून वाटल्यामुळे एकाच तासाचे तुकडे शिकवणीतही होते आणि परीक्षेतही, म्हणून ही चोरी पकडलीच गेली नाही.

चोख उपाय म्हणजे जुनं आणि नवं बेअरिंग आलटून पालटून बसवायचं. फिटरनी तो ऐकूनही घेतला नाही. पुलर लावून बेअरिंग वारंवार काढलं-घातलं तर त्यानेच ते बिघडतं, असं त्यांचं म्हणणं, आणि ते बरोबरच आहे. मग मी दोन्ही आठवड्यांतली बंद पंपाची शांतता घेतली आणि दोन्ही गठ्ठ्यांतल्या आवाजांत उलटसुलट मिसळली, म्हणजे पाऊस दोन्हीकडे सारखा झाला. प्रत्येक क्लिपच्या आवाजाची पातळी एकसारखी केली. परीक्षेसाठी क्लिपा न निवडता अख्खे दिवस बाजूला ठेवले. आता चुका दिसू लागल्या, बहुतेक पाऊस जोराचा असतानाच्या, आणि बंद पंपावरचं उत्तर आठवड्यावर ठरेनासं झालं.

हिताची कंपनीच्या संशोधकांनी 2019 मध्ये खुला केलेला ‘मिमी’ हा आवाजांचा संच याच खोडीचा विचार करून बांधलेला दिसतो. त्यात पंप, पंखे, व्हॉल्व्ह आणि सरकते रूळ यांच्या दहा-दहा सेकंदांच्या क्लिपा आहेत. प्रत्येक प्रकारची एकाहून अधिक यंत्रं आहेत, आणि कारखान्यातला गोंगाट वेगळा टिपून तो तीन पातळ्यांवर, चांगल्या-बिघडलेल्या दोन्ही आवाजांत मिसळला आहे. आमच्याकडे यंत्रं दोनच: चालता पंप आणि राखीव पंप.

ऑक्टोबरात राखीव पंप चालू झाला, तेव्हा त्याच्यावर मायक्रोफोन लावला. नेटवर्क म्हणालं, ‘चांगलं’. फिटरनी स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि मान हलवली. “बेअरिंग ठीक आहे हो, पण आत खडे भरल्यासारखं वाजतंय. फूटव्हॉल्व्हची जाळी तुंबली असणार.” पाणी ओढताना दाब पडला की त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि फुटताना तसा आवाज येतो. नेटवर्कची दोन उत्तरं मिळून नेहमी एक व्हायला हवीत. खड्यांच्या आवाजाला तिसरा कप्पा मी दिलाच नव्हता. ते जाळी काढायला वाकले, तेव्हा मी म्हटलं, “मामा, वीस मिनिटं थांबाल का?” आणि रेकॉर्डिंग सुरू केलं.