घड्याळावरची मोटर आणि फ्लोटवरची मोटर

जालना शहरात नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे बहुतेक घरांत जमिनीत हौद आणि गच्चीवर टाकी अशी जोडी असते. आपोआप चालणारी यंत्रं मुलांना शिकवायची तर आधी या जोडीकडेच न्यावं.

समजा, टाकी 1000 लिटरची आहे, मोटर मिनिटाला 40 लिटर पाणी चढवते आणि घराला दिवसाला 600 लिटर लागतं. टायमरवर रोज सकाळी 15 मिनिटं लावली की हिशोब जुळला. पण व्होल्टेज पडलं, मोटर मिनिटाला 30 लिटरच चढवू लागली, तर त्याच 15 मिनिटांत 450 लिटर चढतं. टायमरला याचा पत्ता नसतो, कारण तो वेळ मोजतो, पाणी नाही. शिवाय ही तूट साठत जाते. आज 150 लिटर कमी, उद्या आणखी 150, आणि फार तर तिसऱ्या दिवशी नळ कोरडे. उलट खर्च रोज 50 लिटरने कमी झाला तर तेवढं पाणी टाकीत उरत जातं आणि एके दिवशी गच्चीवरून वाहू लागतं.

आता टाकीच्या झाकणाजवळ फ्लोट स्विच बसवू. साध्या प्रकारात दोरीला दोन वजनं टांगलेली असतात. दोन्ही पाण्याबाहेर लोंबकळली की त्यांचा पूर्ण भार स्विच खाली ओढतो आणि मोटर चालू होते. पाणी चढून खालचं वजन बुडालं तरी मोटर चालूच राहते. वरचंही बुडालं की भार हलका होतो, स्प्रिंग स्विच वर खेचते आणि मोटर थांबते. व्होल्टेज कमी असेल तर 600 लिटरला 15 ऐवजी 20 मिनिटं लागतील, एवढंच. टाकीत काय झालं ही बातमी मोटरपर्यंत परत पोचते. हाच फीडबॅक, आणि हे वर्तुळ पुरं झालं म्हणून क्लोज्ड लूप.

वजनं दोन का, एक का नाही, हे मुलांना आवर्जून विचारावं. चालू आणि बंद एकाच पातळीवर ठेवलं तर पाण्याच्या नुसत्या हिंदोळ्याने स्टार्टर टकटक करत राहील आणि त्याचे कॉन्टॅक्ट जळतील. दोन वजनांमधलं अंतर म्हणजे मुद्दाम दिलेली मोकळीक आहे.

रूम हीटरकडे वळलं की चित्र थोडं बदलतं. (जालन्यात हीटर लागतो तो थंडीच्या मोजक्या रात्री, मे महिन्यात हा धडा घेऊ नये.) 1000 वॅटचा हीटर आहे आणि खोली बाहेरच्यापेक्षा जितके अंश गरम असेल, तितक्या दर अंशामागे 50 वॅट उष्णता बाहेर जाते असं धरू. टायमरने अर्धा वेळ चालू, अर्धा वेळ बंद ठेवला तर सरासरी 500 वॅट मिळतात, म्हणजे खोली बाहेरच्यापेक्षा 10 अंश गरम राहील. बाहेर 12 अंश असताना आत 22, एकदम झकास. बाहेर 8 झालं तर आत 18, आणि 16 झालं तर 26. चूक होते, पण टाकीसारखी साठत नाही. खोली जास्त तापली की उष्णताही जास्त बाहेर जाते. 22 वर लावलेला थर्मोस्टॅट मात्र 8 अंशांच्या रात्री हीटर 70 टक्के वेळ चालवेल आणि 16 अंशांच्या रात्री 30 टक्के. बाहेर 2 अंशांखाली गेलं तर त्याचाही इलाज नाही, कारण हीटरकडे द्यायला 1000 वॅटच आहेत.

दुसरा फरक उशिराचा. मोटर बंद केली की पाणी जवळजवळ लगेच थांबतं. तेल भरलेला हीटर बंद केल्यावरही तेल उष्णता देतच राहतं, त्यामुळे 22 वर बंद केला तरी खोली थोडी पुढे जाते आणि मग हळूहळू उतरते. त्यात थर्मोस्टॅट हीटरच्या अंगावरच असला तर त्याला पलंगाजवळच्या हवेची नाही, स्वतःच्याच शेजारची गरमी कळते.

हाच आंधळेपणा फ्लोटमध्येही आहे. खालचा हौद आटला तर वरचा फ्लोट टाकी रिकामी म्हणून मोटर चालूच ठेवतो. मोटर कोरडी फिरते, सील तापतं, जळतं. इथे टायमर शहाणा ठरला असता. 15 मिनिटांनी निमूट बंद झाला असता. म्हणून हौदात दुसरा फ्लोट बसवतात, आणि मला विचाराल तर टायमरही काढू नये. नेहमी 15 ते 20 मिनिटांत टाकी भरते, तर 30 मिनिटांची मर्यादा घालावी. फ्लोटने बंद केली तर टाकी भरली. टायमरने बंद केली तर हौदात पाणी आहे का, फूट व्हॉल्व्ह गळतोय का आणि वरची दोरी कशात अडकली आहे का, हे क्रमाने पाहावं आणि मगच मोटर पुन्हा लावावी.