ओल्या कपड्यात लपलेला डाग

वर्गात डबा खाताना भाजीचे तेल सदऱ्यावर सांडते. घरी सदरा धुतला जातो, ओला असताना स्वच्छ दिसतो, किंचित दमट असतानाच त्यावर इस्त्री फिरते. दुसऱ्या दिवशी मात्र खिशाजवळ काळपट ठिपका दिसतो, आणि नंतर कितीही घासले तरी तो जात नाही. असे का व्हावे?

आधी डाग लपतो कसा ते पाहू. कोरडे सुती कापड पांढरे दिसते, कारण धागे आणि त्यांच्यामधली हवा यांच्या सीमेवर प्रकाश विखुरतो. हवेच्या जागी तेल आले की विखुरणे कमी होते आणि तेवढा भाग काळपट, अर्धपारदर्शक दिसतो. पण पाणीही हेच करते! सगळेच कापड काळपट झाल्यावर तेलाचा ठिपका वेगळा कसा उठून दिसणार?

आता उष्णतेकडे वळू. सूर्यफूल, करडई, सोयाबीन यांच्या तेलांच्या रेणूंत दुहेरी बंध बरेच असतात. तिथे हवेतला ऑक्सिजन जोडला जातो, शेजारचे रेणू एकमेकांत गुंततात आणि जाळे तयार होते. कढईच्या कडेला बसणारा पिवळा, चिकट थर हाच. पातळ तेलाचे बारीक थेंब साबण पाण्यात तरंगत ठेवू शकतो, धाग्याभोवती विणलेल्या जाळ्याचे तसे करता येत नाही. ही क्रिया थंडपणीही चालते, उष्णता तिला वेग देते. शिवाय तापल्यावर तेल पातळ होऊन धाग्यांत खोलवर शिरते. एकाच इस्त्रीत डाग पक्का होतोच असे नाही, पण दर खेपेला तो काढणे अवघड होत जाते. खोबरेल तेलात दुहेरी बंध फारच थोडे, म्हणून त्याचे असे जाळे सहसा होत नाही. अंड्याचा किंवा रक्ताचा डाग मात्र वेगळ्याच कारणाने बसतो: उकडलेल्या अंड्यासारखी त्यातली प्रथिने गोठतात.

म्हणून इस्त्रीपूर्वी, किंवा गरम हवेच्या यंत्रात कपडा टाकण्यापूर्वी, तो सावलीत पूर्ण वाळवावा. मग खिडकीसमोर धरून पाहावा: तेल असेल तिथून उजेड जास्त येईल. शंका राहिलीच तर त्या जागी आणि शेजारी पाण्याचा एकेक थेंब ठेवावा. स्वच्छ सुती कापड थेंब लगेच शोषते, तेलकट जागी तो काही क्षण मण्यासारखा बसून राहतो. साबण नीट खंगाळलेला नसेल तर ही परीक्षा फसते, कारण उरलेला साबण थेंब पसरवतो. पॉलिएस्टरवरही तिचा भरवसा नाही, ते मुळातच पाणी कमी शोषते.

थेंब बसून राहिला, तर त्याच कोरड्या जागी भांड्यांचा द्रव साबण चोळून पंधरा मिनिटे ठेवावा, कापडाला चालेल तितक्या कोमट पाण्याने धुवावे, आणि सावलीत वाळवून थेंब पुन्हा ठेवून पाहावा.