घोडा जिंकला, पण पैसे अर्धेच

१८८४ साली इप्समच्या डर्बीत सेंट गॅटियन आणि हार्वेस्टर हे दोन घोडे विजयरेषेवर इतके बरोबरीने आले, की एकाला विजेता ठरवता येईना. १८२८ च्या डर्बीतही असेच झाले होते. तेव्हा त्या दोन घोड्यांना पुन्हा पळवून निकाल लावला गेला. १८८४ मध्ये मात्र मालकांनी बक्षीस वाटून घेतले. ब्रिटनमध्ये १९४७ पासून फोटो फिनिशचा कॅमेरा आला, तरी डेड हीट संपलेली नाही. कधी कधी फोटोतही दोन नाके एकाच रेषेवर दिसतात.

मालकांचे बक्षीस वाटता येते, पण ज्याने पैज लावली त्याचे काय? बहुतेकांना वाटते, डेड हीट झाली की भाव निम्मा होतो. तसे नाही. भाव पुरता मिळतो, निम्मी होते ती लावलेली रक्कम. एकास चार या भावाने तुम्ही १० पौंड लावलेत आणि दोन घोडे बरोबरीत आले, तर तुमचे ५ पौंड जिंकले आणि ५ पौंड हरले असे धरतात. जिंकलेल्या पाचांवर २० पौंड नफा आणि ते पाच परत, असे २५ हाती येतात. एकटाच घोडा जिंकला असता, तर ५० आले असते.

हा फरक शब्दांचा वाटला, तर फेवरिट घोड्याचे गणित करून पाहा. समजा भाव ४/६ आहे, म्हणजे ६ लावून ४ नफा. १० पौंड लावले आणि डेड हीट झाली. पाचांवर नफा ३.३३, मुद्दल धरून ८.३३ पौंड. घोडा जिंकला आणि तुमचे १.६७ पौंड गेले. बरोबरीच्या भावाला दहाचे दहा परत येतात. त्याहून कमी भाव असेल, तर डेड हीटमध्ये विजेत्या घोड्यावरही नुकसानच होते.

दुसरा प्रसंग शर्यत सुरू होण्याआधीचा. स्टॉल्समध्ये शिरायला घोडा नकार देतो किंवा पशुवैद्याला तो लंगडताना दिसतो आणि त्याला बाद केले जाते. त्याच्यावर पैसे लावलेल्यांना ते परत मिळतात. पण बाकीच्यांचे काय? फेवरिट गेल्यामुळे उरलेल्या घोड्यांची जिंकण्याची शक्यता वाढते आणि तुमचा जुना भाव मात्र आधीच्या परिस्थितीतला असतो. तो तसाच चुकता केला, तर बुकी मार खाईल. म्हणून टॅटरसॉल्सच्या नियमांतला चौथा नियम लागतो. रेसवाले त्याला नुसते 'रूल फोर' म्हणतात.

बाद होताना त्या घोड्याचा जो भाव असेल, त्यावरून कपात ठरते. तो ६/४ वर, म्हणजे चारास सहा या भावावर असेल, तर नफ्याच्या प्रत्येक पौंडामागे ४० पेन्स कापतात. आकडा हवेतून काढलेला नाही: ६/४ चा अर्थच बुकीच्या लेखी शंभरात चाळीस वेळा जिंकणारा घोडा. भाव जितका मोठा तितकी कपात कमी. १०/१ ते १४/१ च्या घोड्याला ५ पेन्स, त्यापलीकडे काहीच नाही. म्हणूनच दोन-तीन दुर्लक्षित घोडे बाद झाले, तरी तुमच्या पैशाला धक्का लागत नाही. अनेक चांगले घोडे गेले, तर कपाती बेरजेने वाढतात, पण ९० पेन्सवर थांबतात.

इथे कात्री चालते ती नफ्यावर. मुद्दल सुरक्षित राहते, त्यामुळे घोडा एकटा जिंकला तर रूल फोरने कुणी तोट्यात जात नाही. डेड हीट मुद्दलालाच हात घालते. आता दोन्ही एकत्र लागले तर? एकास चार भावाच्या त्याच १० पौंडांकडे परत येऊ. डेड हीटमुळे पाच उरले, त्यांचा नफा २०. ६/४ चा घोडा बाद झालेला, म्हणून त्यातले ४० टक्के, ८ पौंड गेले. राहिले १२, आणि मुद्दलाचे ५. हाती १७ पौंड. ५० च्या जागी १७, आणि घोडा हरलेला नाही! मला वाटते, पावती हातात घेऊन खिडकीशी वाद घालणाऱ्यांपैकी बरेच जण इथेच अडकतात.

वाद टाळायचा, तर पावतीवरची वेळ बघावी. घोडा बाद झाल्यावर बुकी नवे भाव लावतात. त्या नव्या भावाने लावलेल्या पैजेला त्या घोड्यापायी कपात लागत नाही, कारण तो नाही हे धरूनच भाव उतरवलेला असतो. समजा एकाने दुपारी एकास चारने १० पौंड लावले आणि दुसऱ्याने फेवरिट गेल्यावर ९/४ ने. एकटाच तो घोडा जिंकला, तर पहिल्याला ४० पैकी १६ कापून २४ पौंड नफा मिळतो, दुसऱ्याला कपातीविना २२.५०.