एक किलो टिक्का, मीठ किती?

चिकनच्या रश्श्यात मीठ कमी पडलं तर उकळी आल्यावर चिमूटभर वाढवता येतं, जास्त झालं तर पाणी किंवा वाटण घालून सावरता येतं. टिक्क्याला ही सोय नाही. एकदा तुकडा सळईवर चढला की आत गेलेलं मीठ काढता येत नाही, आणि न गेलेलं वरून भुरभुरवून आत पोहोचत नाही. त्यामुळे तंदुरी प्रकारांची खरी चव मसाला लावून मुरवत ठेवताना ठरते. घरोघरी मात्र तिथेच ‘अंदाजाने दही, चवीपुरतं मीठ’ असा मोघम हिशेब चालतो.

हा हिशेब चालत नाही, कारण मुरवणाच्या मसाल्याची चव आणि तयार टिक्क्याची चव यांत मोठा फरक असतो. एक किलो बोनलेस चिकनचं उदाहरण घेऊ. त्याला साधारण 250 ग्रॅम चक्का, 60 ग्रॅम आलं-लसूण पेस्ट, 40 मिली तेल, 30 मिली लिंबाचा रस (दोन मोठे चमचे) आणि वीस-पंचवीस ग्रॅम कोरडे मसाले लागतात. सगळं मिळून वजन 1400 ग्रॅमच्या आसपास जातं. मीठ या एकूण वजनाच्या सव्वा ते दीड टक्का असावं, म्हणजे साधारण 18 ग्रॅम. बारीक मिठाचे तीन सपाट छोटे चमचे म्हणजे जवळपास इतकंच मीठ. जाड्या मिठाचा चमचा मात्र वजनाला हलका भरतो. म्हणून स्वयंपाकघरात छोटा वजनकाटा असेल तर तो सर्वांत आधी मिठासाठी वापरावा.

आता हे 18 ग्रॅम मीठ जेमतेम चारशे ग्रॅम दही-मसाल्यात आहे. चिकन घालण्याआधी तो मसाला चाखला तर तो चांगलाच खारट लागतो, आणि तसाच लागायला हवा. चाखून ‘मीठ अगदी बरोबर आहे’ असं वाटलं तर टिक्का हमखास अळणी होतो, कारण त्याच मिठावर अजून किलोभर मांस मुरायचं असतं. खारट लागतंय म्हणून हात आखडता घेणाऱ्यांची फसगत इथेच होते.

खात्री करायचा एकच भरवशाचा मार्ग आहे. मसाला लावून तासभर झाला की एक लहान तुकडा तव्यावर थोड्या तेलात पूर्ण शिजवावा आणि चाखावा. कमी वाटलं तर उरलेल्या चिकनला किलोमागे दोन-तीन ग्रॅम मीठ चोळता येतं. फार खारट झालं असेल तर वरचा मसाला निपटून काढून बिनमिठाचा ताजा चक्का लावावा. हे लगेच केलं तरच उपयोग होतो, रात्रभराने नाही.

हाडासकट चिकन असेल तर हिशेब बदलतो. तंगडीच्या किलोभर तुकड्यांत पाव ते तीस टक्के वजन हाडाचं असू शकतं आणि हाड मीठ खात नाही. साधारण सातशे ग्रॅम मांस धरलं, चक्का 200 ग्रॅमवर आणला, तर 14 ग्रॅम मीठ पुरतं. बोनलेसचं प्रमाण तसंच उचलून तंगड्यांना लावलं की त्या खारट होतात. चक्का कमी का? मोठ्या तुकड्यांचा पृष्ठभाग त्याच वजनाच्या लहान तुकड्यांपेक्षा कमी असतो आणि दही बसतं ते पृष्ठभागावरच. तंगडीला हाडापर्यंत दोन-तीन खोल चिरा द्याव्यात. मीठ मांसात सावकाश शिरतं, चिरांमुळे त्याचा रस्ता कमी होतो. मिरची, धणे-जिरे, गरम मसाला हे मिठासारखे खोल जात नाहीत. त्यांचा बहुतेक भाग वरच्या थरातच राहतो. ‘मसाला आतपर्यंत मुरला’ असं आपण म्हणतो तेव्हा जिभेला जाणवलेलं असतं ते बहुतांशी मीठच.

मसाले पृष्ठभागावरच राहणार म्हटल्यावर ते दुपटीने घालून काही साधत नाही. जाड कोरडा थर जळतो आणि कडवटपणा येतो. किलोला 12 ते 15 ग्रॅम काश्मिरी मिरचीपूड, 6 ग्रॅम गरम मसाला, 2 ग्रॅम हळद आणि चुरडलेली चिमूटभर कसुरी मेथी एवढं भरपूर आहे. रंग हवा असेल तर मिरचीपूड आधी तेलात कालवावी. मिरचीचा लाल रंग तेलात उतरतो, पाण्यात फारसा नाही. मोहरीचं तेल धूर येईपर्यंत तापवून, थंड करून घेतलं तर त्याचा उग्रपणाही मवाळ होतो.

दह्याचं वजन सांगताना ते चक्क्याचं सांगितलं, याला कारण आहे. श्रीखंडासाठी पंचात दही टांगतो तसंच इथेही टांगायचं. अर्धा किलो दह्याचा साधारण 200 ते 250 ग्रॅम चक्का होतो. पातळ दही थेट घातलं तर तासाभरात पातेल्याच्या तळाशी पाणी साचतं आणि भट्टीत तुकडा भाजण्याऐवजी स्वतःच्या वाफेत शिजतो. मग कडेला हवे असलेले काळपट डाग पडत नाहीत. तुकडा उचलून धरला की मसाला ओघळायला नको, चिकटून राहायला हवा. चक्का फार आंबट असेल तर लिंबू निम्मं करावं. मांसाचा वरचा भाग पांढरट, शिजल्यासारखा दिसू लागला तर आंबटपणा जास्त झाला असं समजावं. असं चिकन भाजल्यावर वरून भुसभुशीत लागतं. बोनलेसला फ्रिजमध्ये चार ते सहा तास बस होतात, हाडासकट तुकड्यांना रात्रभर चालतं.

पनीरची गोष्ट वेगळी. दूध आंबटपणाने फाडूनच ते बनलेलं असतं, त्यामुळे दही त्याला आणखी मऊ करत नाही. मीठही तासाभरात ठोकळ्याच्या गाभ्यापर्यंत जात नाही, वरच राहतं आणि जिभेला आधी तेच लागतं. म्हणून एक किलो पनीरला 12 ग्रॅम मीठ घ्यावं. सोबत तीनशे ग्रॅम कांदा-सिमला मिरची असेल तर आणखी 3 ग्रॅम. चक्का तोच, 250 ग्रॅम. लिंबू एक छोटा चमचा. आलं-लसूण 40 ग्रॅम. त्यात 30 ग्रॅम भाजलेलं बेसन घालायला विसरू नये. मीठ लागलं की पनीरमधून पाणी सुटतं, मसाला सैल होऊन सळईवरून खाली घसरतो. बेसन ते पाणी धरून ठेवतं. कच्चं बेसन मात्र तोंडात पिठूळ लागतं.

पनीर मुरवायला अर्धा ते एक तास पुरे. सोसायटीच्या गच्चीवर दोन्ही टिक्के भाजायचे असतील तर चिकन सकाळी लावून ठेवावं आणि पनीरचा मसाला वेगळ्या भांड्यात कालवून, कोळसे पेटवायला घेतले की मग लावावा. चिकनच्या भांड्यात उरलेला मसाला पनीरला किंवा भाजलेल्या तुकड्यांना वरून फासू नये, कारण त्यात कच्च्या मांसाचा रस असतो. वरून लावायला मसाला हवाच असेल तर चिकन घालण्यापूर्वी त्यातला अर्धी वाटी बाजूला काढून फ्रिजमध्ये ठेवावा. त्यात मीठ घालू नये, आणि तेवढा मसाला आधीच जास्तीचा कालवावा.