निरोप समारंभाचे निमंत्रण : चार ओळींचा हिशेब

आमच्या जिल्ह्यातील पुष्कळ घरांत कोणी ना कोणी सरकारी नोकरीत असते. माझे वडीलही एका कचेरीत आहेत. माझे अक्षर बरे असल्याने तेथील सेवानिवृत्तीच्या निरोप समारंभाची निमंत्रणे लिहून देण्याचे काम माझ्याकडे येते. अर्ध्या पानाचा हा मजकूर सोपा वाटतो. परंतु लोक यावेत, वेळेवर यावेत आणि ताटे कमी पडू नयेत, हे सारे त्याच्यावरच ठरते. म्हणून एक उदाहरण घेऊन त्याची मांडणी सांगतो.

समजा, औंढा नागनाथ येथील एका कचेरीतील वरिष्ठ लिपिक निवृत्त होत आहेत. त्यांची जन्मतारीख १ जून १९६८. आपल्याकडे जुन्या शाळांच्या दाखल्यांत ही १ जून फार आढळते. नियमाप्रमाणे कर्मचारी वयाची ५८ वर्षे पूर्ण होतात त्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी निवृत्त होतो (चतुर्थ श्रेणीसाठी ६० वर्षे). मात्र जन्म महिन्याच्या एक तारखेचा असेल, तर आधीच्या महिन्याचा शेवटचा दिवस धरतात. म्हणजे आपले लिपिक ३१ मे २०२६ रोजी निवृत्त होतात. पण त्या दिवशी रविवार आहे. शासकीय कार्यालयांना २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा असल्याने शनिवारही गेला. समारंभ शुक्रवारी, २९ मे रोजीच घ्यावा लागतो.

येथेच गफलत होते. वर ‘३१ मे रोजी सेवानिवृत्त होत आहेत’ असे लिहिले की घाईने वाचणारा तीच तारीख मनात धरतो. म्हणून निमंत्रणात तारीख एकच असावी, ती समारंभाची. निवृत्तीबद्दल ‘या महिनाअखेर’ एवढे पुरे. तारखेसोबत वार अवश्य लिहावा. लिहिणाऱ्याच्या हातून आकडा चुकला, तर वार आणि तारीख जुळत नाही हे वाचणाऱ्याच्या लगेच ध्यानात येते आणि तो विचारून घेतो.

दुसरी ओळ उत्तराची. ‘कृपया उपस्थिती कळवावी’ एवढेच लिहिले तर बहुधा कोणीच कळवत नाही. जो तो ‘उद्या सांगू’ म्हणतो. मुदत मागून मोजत आणावी. आचाऱ्याला निश्चित आकडा दोन दिवस आधी लागतो, म्हणजे बुधवार. पण त्याच आठवड्यात बकरी ईदची सुट्टी आहे आणि ती चंद्रदर्शनावर अवलंबून. मग एक कामाचा दिवस हातचा जातो. म्हणून मुदत सोमवार, २५ मे. कळवायचे कोणाला, तेही एकाच माणसाचे नाव देऊन लिहावे. दोन नावे दिली की दोन याद्या होतात आणि त्या जुळत नाहीत.

तिसरी गोष्ट वाटेची. औंढ्याला हिंगोलीकडचे सहकारी एका बाजूने येतात, वसमतकडचे दुसऱ्या बाजूने. ‘मुख्य रस्त्याने डावीकडे वळावे’ असे लिहिले, तर एकाची डावी ती दुसऱ्याची उजवी! यावर उपाय असा, की दोघेही ज्या जागी पोचतात तेथून वाट सुरू करावी, आणि माणसाचे तोंड कोणीकडे आहे तेही सांगावे. बसस्थानक ही अशी जागा. रंगावरून किंवा दुकानाच्या पाटीवरून खूण देऊ नये, ती बदलते.

आता पूर्ण मजकूर पाहा :

स. न. वि. वि.
आपले सहकारी श्री. ——, वरिष्ठ लिपिक, या महिनाअखेर सेवानिवृत्त होत आहेत. त्यानिमित्त निरोप समारंभ व स्नेहभोजन योजिले आहे. आपण यावे, ही विनंती.
केव्हा : शुक्रवार, दि. २९ मे २०२६, दुपारी ४ वाजता
कोठे : कार्यालयाचे सभागृह, पहिला मजला, औंढा नागनाथ
वाट : बसस्थानकाच्या फाटकात रस्त्याकडे तोंड करून उभे राहिल्यास उजव्या हाताला, पायी पाच मिनिटे
कळवावे : सोमवार, दि. २५ मे पर्यंत, श्री. ——, आस्थापना शाखा, फोन ——

विनंती वर आणि माहिती खाली, हा क्रम मुद्दाम ठेवला आहे. निमंत्रण प्रथम माणसासाठी असते. वरचा मजकूर एकदा वाचून होतो, खालच्या चार ओळी मात्र निघताना पुन्हा पाहिल्या जातात. म्हणून प्रत्येकीच्या आरंभी एक शब्द, की नजर तेथेच जावी. हल्ली हा कागद फोटो काढून मोबाइलवर पाठवतात, तेव्हा बारीक अक्षर वाचता येत नाही. तोच मजकूर टंकून पाठवावा.

एक मर्यादा सांगितली पाहिजे. वरिष्ठ अधिकारी आणि निवृत्त होणाऱ्यांच्या घरची मंडळी यांना हा कागद पुरत नाही. त्यांच्याकडे समक्ष जावेच लागते. कागद फक्त तारीख विसरू देत नाही.

लिहून झाल्यावर तो वसमतकडच्या एखाद्या सहकाऱ्याला वाचायला द्यावा आणि विचारावे, ‘कधी निघाल, कोठे उतराल, कोणाला कळवाल?’ तिन्ही उत्तरे कागद पाहून आली, की प्रती काढायला हरकत नाही.